फोटो गेला, प्रश्न राहिला
शिकवणीच्या मॅडमना चिठ्ठी कशी लिहायची



मुलीला घरी शिकवणी लावलेली असते, फीही वेळेवर जाते. पण मधल्या दिवशी गृहपाठ अडला आणि मॅडमना व्हॉट्सअ‍ॅपवर वहीचा फोटो पाठवला, तर उत्तर येत नाही. दुसरा फोटो जातो, तिसरा जातो, तरी काही नाही. आई म्हणते, "मॅडम बघतच नाहीत." मॅडम म्हणतात, "नुसते फोटो येतात, त्याचं मी काय करू?" दोघींचंही म्हणणं खरं असतं. मधल्या मध्ये मुलगी मैत्रिणीच्या वहीतून नाहीतर गाईडमधून उत्तर उतरवून मोकळी होते, आणि चाचणीत तेच गणित पुन्हा चुकतं.

आज आपण याच गोष्टीबद्दल बोलू. फोटोला उत्तर का येत नाही, राहिलेल्या फोटोंचं घरी काय करायचं आणि मॅडमना चिठ्ठी कशी लिहायची, हे बघू. एकच उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत चालवू.

समजा, मुलगी सहावीत आहे. मॅडम सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस संध्याकाळी घरी येतात. गेल्या दहा दिवसांत आईने त्यांना सहा फोटो पाठवले. एका फोटोला उत्तर आलं, पाच तसेच राहिले. येत्या शनिवारी शाळेत घटक चाचणी आहे. आता या आईने काय करावं?

फोटो पोहोचला का, ते आधी बघा

रागावण्याआधी फोन उघडून त्या फोटोखालच्या खुणा बघायच्या. एकच राखाडी टिक असेल तर फोटो आपल्या फोनवरून गेलाय, पण मॅडमच्या फोनवर पोहोचलेला नाही. त्यांचा फोन बंद असेल किंवा नेट नसेल. दोन राखाडी टिक म्हणजे पोहोचला. दोन निळ्या टिक म्हणजे मॅडमनी आपलं बोलणं उघडलं.

इथे बऱ्याच जणींची गफलत होते. निळी टिक म्हणजे फोटो नीट बघितला, असं नसतं. पुष्कळ जण नेट वाचवायला फोटो आपोआप डाऊनलोड होणं बंद करून ठेवतात. मग फोटोच्या जागी नुसता धूसर चौकोन दिसतो आणि त्यावर खाली जाणारा बाण असतो. त्या बाणावर बोट ठेवलं तरच फोटो उघडतो. फोनमधली जागा भरली असेल तर तेव्हाही उघडत नाही. आपल्याकडे टिक मात्र निळी झालेली असते. उलटही होतं. काही जणांनी निळी टिक दाखवणंच बंद केलेलं असतं, त्यामुळे त्यांनी वाचलं तरी आपल्याला राखाडीच दिसते. म्हणून टिकेवरून एवढंच ठरवायचं, की फोटो पोहोचला का नाही. त्यावरून माणूस कसा आहे, ते ठरवायचं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट सांगते. फोटो पाठवताना खाली लिहायची जी जागा असते, तिच्या कडेला गोलात 1 असं चिन्ह असतं. चुकून त्यावर बोट पडलं तर तो फोटो समोरच्याला एकदाच उघडता येतो, नंतर दिसत नाही. मॅडमनी सकाळी घाईत उघडला, संध्याकाळी निवांत बघू म्हणाल्या, आणि संध्याकाळी फोटोच नाही, असं होतं. आपल्याकडे त्या जागी फोटोचं चित्र न दिसता नुसती ओळ दिसत असेल, तर हेच झालंय असं समजा आणि फोटो पुन्हा पाठवा.

फोटो वाचता येतो का

पोहोचलेला फोटो वाचता आला पाहिजे. ते तपासणं सोपं आहे. पाठवलेला फोटो आपल्याच फोनवर उघडायचा, दोन बोटांनी मोठा करायचा आणि मुलीला त्यातला प्रश्न वाचायला सांगायचा. पुस्तकात बघायचं नाही, फोटोतूनच वाचायचं. ती अडखळली तर मॅडमही अडखळणार.

गणितात नेमक्या बारीक गोष्टी पुसट होतात. अपूर्णांकाचा छेद, दशांशचिन्ह, वजाबाकीची आडवी रेघ, आकड्याच्या डोक्यावरचा छोटा आकडा, ह्या त्या जागा. ३ चा ८ झाला किंवा १२.५ चे १२५ झाले, तर मॅडम सोडवतील ते गणितच वेगळं होईल. पेन्सिलीने फिकट लिहिलेलं असेल तर फोटोत ते जवळजवळ दिसतच नाही.

फोटो बिघडायची कारणंही घरातलीच असतात. दिवा पाठीमागे असला की आपलीच सावली वहीवर पडते. पुस्तकाचं पान गुळगुळीत असेल तर दिव्याची चमक मधोमध उमटते. फोन स्वयंपाकघरात वावरतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या काचेवर तेलकट बोट लागलेलं असतं. पदराने काच पुसा, वही जमिनीवर किंवा पाटावर सपाट ठेवा आणि फोन बरोबर वरून सरळ धरा. जमलं तर दिवसाउजेडी दारात बसून फोटो काढा. फोटो पाठवण्याआधी वरच्या बाजूला HD असं दिसतं. त्यावर बोट ठेवून ते निवडलं तर फोटो जास्त स्पष्ट जातो, नेट मात्र थोडं जास्त लागतं.

सगळ्यात जास्त राहून जातं ते मागचं पान. प्रश्नात लिहिलेलं असतं, "वरील आकृतीवरून उत्तरे लिहा," आणि आकृती असते आधीच्या पानावर. आपण फक्त प्रश्नाचा फोटो पाठवतो. मॅडमकडे त्या घडीला पुस्तक नसेल तर त्यांना काहीच करता येत नाही. प्रश्नात "वरील", "दिलेल्या", "मागील" असे शब्द दिसले, की ती आकृती किंवा तो तक्ताही पाठवायचा, हे लक्षात ठेवा.

फोटोत प्रश्न दिसतो, अडचण दिसत नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. फोटो पोहोचला आणि स्पष्टही आहे, तरी उत्तर येत नाही. याचं कारण असं, की फोटोतून मॅडमना पुस्तकातला प्रश्न कळतो, पण आपल्या मुलीला काय कळलं नाही, ते कळत नाही.

आपल्या उदाहरणातला एक फोटो बघू. त्यात हे गणित आहे.

"एका दुकानदाराने एक साडी ८०० रुपयांना खरेदी केली व १००० रुपयांना विकली, तर शेकडा नफा किती?"

नुसता हा फोटो आला तर मॅडमनी काय करायचं? मुलीला प्रश्नच कळला नाही का? नफा काढता आला, पण टक्के काढता आले नाहीत का? की उत्तर काढलंय आणि ते बरोबर आहे का, एवढंच विचारायचंय? काहीच कळत नाही. मग मॅडमसमोर दोन वाटा राहतात. एक म्हणजे सगळं गणित पहिल्यापासून लिहून पाठवायचं. फोनवर गणित लिहिणं किचकट असतं, वेळ जातो, आणि त्यांच्या घरी तेव्हा चूल पेटायची वेळ असते. दुसरी वाट म्हणजे "२५ टक्के" असं नुसतं उत्तर पाठवायचं. ते मुलगी वहीत उतरवते आणि शिकत काहीच नाही. चांगल्या शिक्षिकेला ही दुसरी वाट पटत नाही आणि पहिलीला वेळ नसतो. मग "नंतर बघू" म्हणून फोटो मागे पडतो. वरून सुप्रभातचे चार फोटो येतात आणि आपला फोटो आणखी वर सरकून जातो.

आता याच फोटोखाली एवढंच लिहिलेलं असतं तर? "नफा २०० बरोबर आला. टक्के २० येतात, पुस्तकात मागे २५ दिलेत. २०० भागिले १००० असं केलंय."

हे वाचल्या वाचल्या मॅडमना चूक दिसते. मुलीने २०० ला १००० ने भागलं, म्हणजे विकायच्या किमतीवर टक्के काढले. नफ्याचे टक्के खरेदीच्या किमतीवर काढायचे असतात. दुकानदाराने गुंतवले ८००, त्यावर मिळाले २००. २०० भागिले ८००, गुणिले १००, म्हणजे २५. मॅडमना एकच वाक्य बोलून पाठवायचंय: "नफा कशावर झाला, विकलेल्या पैशावर की घातलेल्या पैशावर? ज्यात पैसे घातले त्या आकड्याने भाग." दहा सेकंदांचं काम आहे.

मैत्रिणींनो, आपल्याला गणित यायलाच पाहिजे असं यात काही नाही. मुलीला तीन प्रश्न विचारता आले की झालं. तू काय केलंस? तुझं उत्तर काय आलं? तू कुठे थांबलीस? ती जे सांगेल तेच, तिच्याच शब्दांत, मॅडमना कळवायचं. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा. फोनवरचं माइकचं चिन्ह दाबून धरा आणि मुलीलाच बोलू द्या. बोलताना कित्येकदा मुलींना आपली चूक आपणच सापडते.

चिठ्ठीआधी फोटो निवडा

पाच फोटो राहिलेत म्हणून पाचही पुन्हा पाठवायचे नाहीत. आधी मुलीला शेजारी बसवा, वही-पुस्तक काढा आणि एकेक फोटो बघा. आपल्या उदाहरणात काय निघालं बघा.

पहिला फोटो अपूर्णांकांच्या बेरजेचा होता. ते गणित शाळेत सरांनी फळ्यावर सोडवून दाखवलं. तो सुटला.

दुसरा फोटो इतका काळा आला होता, की मुलीलाही वाचता येईना. पुस्तक काढून बघितलं तर ते गणित आता तिला आपलं आपणच आलं. तोही सुटला.

तिसरा कोनांचा प्रश्न. आकृती मागच्या पानावर राहिली होती. हा पुन्हा, आकृतीसकट पाठवायचा.

चौथा आपला साडीचा.

पाचवा फोटो असा: "एका भाजीवाल्याने २५ किलो टोमॅटो ४५० रुपयांना घेतले. ते बाजारात आणायला ५० रुपये भाडे लागले. सर्व टोमॅटो २४ रुपये किलो दराने विकले, तर शेकडा नफा किती?" मुलीने विक्री काढली, २५ गुणिले २४ म्हणजे ६००. त्यातून ४५० वजा केले, राहिले १५०. त्यातून भाड्याचे ५० वजा केले, नफा १००. इथपर्यंत बरोबर. मग तिने १०० भागिले ४५० केलं आणि तो भाग नीट जाईना. तिथे ती थांबली.

आता चौथा आणि पाचवा फोटो शेजारी ठेवा. दोन्हीकडे नफा किती रुपये, ते बरोबर आलंय. दोन्हीकडे टक्के काढतानाच अडलंय. म्हणजे हे दोन प्रश्न नाहीत, अडचण एकच आहे: टक्के कशावर काढायचे. टोमॅटोच्या गणितात भाजीवाल्याच्या खिशातून गेलेले पैसे ४५० नव्हेत, भाड्यासह ५०० आहेत. १०० भागिले ५००, गुणिले १००, म्हणजे २० टक्के. हे उत्तर आईला येत नसलं तरी चालेल. "दोन्हीकडे टक्क्यांपाशीच अडतंय" एवढं तिला दिसलं, तरी मॅडमचं अर्धं काम झालं.

असे पाच फोटोंचे राहिले फक्त दोन विषय. एक आकृती, आणि एक टक्क्यांची अडचण. आता चिठ्ठी लिहायची.

चिठ्ठी

नमस्कार मॅडम,

गेल्या दहा दिवसांत मी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठाचे सहा फोटो पाठवले होते. वर्तुळाच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही लगेच दिलंत, ते तिला समजलं. बाकी पाच फोटोंचं उत्तर आलेलं नाही. त्यातले काही फोटो नीट आले नव्हते, हे आज बघितल्यावर कळलं. दोन गणितं आता तिला येतात, ती सोडून द्या.

दोन गोष्टी राहिल्या आहेत.

१. नफा-तोटा, साडीचं आणि टोमॅटोचं गणित. दोन्हीत नफा किती रुपये ते तिला येतं. साडीत २०० आले, टोमॅटोत १०० आले. पण टक्के चुकतात. साडीत तिने १००० ने भागलं, टोमॅटोत ४५० ने. कोणत्या आकड्याने भागायचं, हे तिला कळत नाही असं वाटतं.

२. कोनांचा प्रश्न. आकृती मागच्या पानावर होती, म्हणून आज दोन्ही पानांचे फोटो पुन्हा पाठवते.

शनिवारी घटक चाचणी आहे. बुधवारी आलात की पहिली दहा मिनिटं या दोन गोष्टींना द्याल का? फोनवर लिहून उत्तर देण्याची गरज नाही.

पुढे मधल्या दिवशी अडलं तर काय करू, तेही सांगा. तुम्हाला कोणत्या वेळी विचारलेलं चालेल? की मी फोटो न पाठवता तिच्या वहीत मागे लिहून ठेवू? तुम्हाला सोयीचं असेल तसं करू.

उत्तर आलं नाही की ती मैत्रिणीच्या वहीतून उतरवते, म्हणून काळजी वाटते.

तुमच्या विद्यार्थिनीची आई

या चिठ्ठीत काय आहे आणि काय नाही

चिठ्ठीत किती फोटो पाठवले, कितींचं उत्तर आलं, किती राहिले, हे आकड्यात आहे. "तुम्ही कधीच उत्तर देत नाही" असं नाही. "कधीच" म्हटलं की मॅडम आधी त्या एका उत्तराची आठवण करून देतील आणि बोलणं भलतीकडेच जाईल. आकडा सांगितला की वाद होत नाही. जे उत्तर आलं त्याचा उल्लेखही केला आहे, कारण तेही खरं आहे.

दुसरं, जे सुटलं ते आपणच काढून टाकलं आहे. पाचाच्या जागी दोन गोष्टी बघायच्या म्हटल्यावर मॅडमनाही हायसं वाटतं.

तिसरं, कधीपर्यंत हवं आणि का, हे लिहिलं आहे. शनिवारी चाचणी आहे, बुधवारी दहा मिनिटं हवीत. "लवकर सांगा" म्हटलं तर लवकर म्हणजे कधी, ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

चौथी गोष्ट पुढच्या सोयीची आहे, आणि खरी गाठ इथेच असते. शिकवणी ठरवताना आपण दिवस, वेळ आणि फी ठरवतो. मधल्या दिवशी विचारलेल्या शंकांबद्दल कुणीच बोलत नाही. आपण समजतो की त्या फीमध्येच आल्या. मॅडम समजतात की शिकवणीची वेळ तेवढीच आपली. दोघींचा समज वेगळा, आणि तो कुणीच बोलून दाखवलेला नाही. म्हणून हे सरळ विचारून घ्यावं. काही मॅडम संध्याकाळची ठरावीक वेळ सांगतात. काही म्हणतात, फोनवर नको, वहीत लिहा. दोन्ही चालतं. जे ठरेल ते पाळायचं. रात्री दहाला फोटो पाठवून सकाळी उत्तराची वाट बघायची नाही.

वहीचा उपाय साधा आहे आणि त्याला नेट लागत नाही. वहीची शेवटची चार पानं शंकांसाठी राखून ठेवा. मुलीने तिथे पान क्रमांक, गणिताचा क्रमांक आणि "मी इथे थांबले" अशी एक ओळ लिहायची. शिकवणी सुरू झाली की आधी ते पान उघडायचं. सुटलेल्या शंकेवर तिनेच काट मारायची. महिन्याने ते पान बघितलं तरी कुठला धडा कच्चा आहे, ते आईला दिसतं.

आणि एक, ही चिठ्ठी फक्त मॅडमना पाठवायची. सगळ्या पालकांच्या ग्रुपवर टाकायची नाही. तिथे मॅडमना उत्तर देण्यापेक्षा स्वतःची बाजू सांभाळावी लागते, आणि आपल्या मुलीच्या चुकाही गावभर होतात.

उत्तर आलं, पण समजलं का?

मॅडमनी समजावलं, मुलीने मान डोलावली, तरी एकदा पडताळून बघा. पुस्तकातलंच गणित पुन्हा दिलं तर तिला उत्तर पाठ असतं. म्हणून आपल्या गटातलं गणित द्या.

"गटाने पापडासाठी १२०० रुपयांचं साहित्य आणलं. पिशव्या आणि पॅकिंगला ३०० रुपये गेले. सगळे पापड १८०० रुपयांना विकले. शेकडा नफा किती?"

घातलेले पैसे १५००, नफा ३००. ३०० भागिले १५००, गुणिले १००, म्हणजे २० टक्के. हे उत्तर आलं तर समजलं.

नाही आलं, तर चुकलेलं उत्तरच सांगतं की कुठे अडलंय. २५ टक्के आले तर तिने नफा बरोबर काढला, पण टक्के नुसत्या साहित्यावर, १२०० वर काढले. टोमॅटोच्या गणितातली चूक ती हीच. साडेसोळाच्या किंचित पुढे आलं तर तिने १८०० ने भागलं, म्हणजे साडीच्या गणितातली चूक. ५० टक्के आले तर पॅकिंगचा खर्च ती पार विसरली. चिठ्ठीत लिहायला आता नेमकी ओळ मिळाली: "पापडाच्या गणितात उत्तर २५ आलं." एवढ्यावरून मॅडमना पुढचं कळतं.

तरीही उत्तर नाही आलं तर

चिठ्ठी पाठवल्यावर पुढची शिकवणी होईपर्यंत थांबा. मॅडम आल्या की मुलीच्या हातात वही देऊन तिलाच विचारायला लावा. बहुतेक वेळा इथेच काम होतं, कारण कागद, पेन्सिल आणि मुलगी समोर असते. फोनवर अर्धा तास जाईल ते पाच मिनिटांत होतं.

पण समोरासमोर विचारलेली शंकाही दोनदा-तीनदा "पुढच्या वेळी" म्हणून टळली, तर मामला फोटोचा उरत नाही. कदाचित तो विषय मॅडमचा नसेल. भाषा छान शिकवणाऱ्या सगळ्यांनाच गणित शिकवायला जमतं असं नाही. तेव्हा भांडण न करता विचारावं, "मॅडम, गणित तुम्हीच घ्याल की दुसरीकडे बघू?" सरळ विचारलं तर पुष्कळदा सरळ उत्तर मिळतं. शाळेतल्या वर्गशिक्षकांनाही तीच चिठ्ठी दाखवता येते. त्यात तक्रारीचा एक शब्द नाही, मुलीला काय येतं आणि काय येत नाही, एवढंच आहे. त्यामुळे ती कुणाच्याही हातात देता येते.

आणि या आठवड्यात फोटो पाठवायची वेळ आलीच, तर फोटोखाली तीन गोष्टी लिहा किंवा बोला: कोणतं पान आणि कितवं गणित, तिने काय केलं, ती कुठे थांबली. एवढं केल्याशिवाय फोटो पाठवू नका.